ग्लिप्टिन गोळ्यांचा अर्धा-पाऊण टक्का

मधुमेहावरच्या ग्लिप्टिन गोळ्यांची गोष्ट सुरू होते १९६४ साली. तेव्हा संशोधकांच्या लक्षात आलं की ग्लुकोज तोंडावाटे दिलं तर शरीर जितकं इन्सुलिन सोडतं, तितकं शिरेतून दिल्यावर सोडत नाही. म्हणजे जेवण आल्याची वर्दी आतडंच स्वादुपिंडाला देत असणार. त्यातला एक मुख्य निरोप्या, जीएलपी-१ हे संप्रेरक, पुढे १९८० च्या दशकात ओळखलं गेलं. त्याचं औषध करायला गेलं तर पंचाईत अशी, की रक्तात आल्यावर दीड-दोन मिनिटांतच ते निम्मं उरतं. डीपीपी-४ नावाचं विकर त्याचे तुकडे करतं. मग या विकरालाच अडवायचं ठरलं आणि २००६ मध्ये अमेरिकेत सिटाग्लिप्टिनला मंजुरी मिळाली. व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही त्याचीच भावंडं.

या गोळ्या बाहेरून काही भर घालत नाहीत, शरीराचंच संप्रेरक थोडं जास्त टिकवतात. म्हणून परिणाम बेताचा: एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, साधारण ०.५ ते ०.८ टक्क्यांनी उतरते. साडेनऊवर असलेल्याला एवढ्याने काय होणार! पण जीएलपी-१ साखर वाढलेली असतानाच इन्सुलिन सोडायला लावतं आणि साखर खाली आली की थांबतं. परिणाम बेताचा आणि साखर एकदम उतरण्याची भीती कमी, ही दोन्ही एकाच यंत्रणेची फळं आहेत.

ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची जुनी गोळी असं थांबत नाही. समजा, पंचाहत्तरीच्या आजी ती गोळी घेतात. संकष्टीला चंद्रोदय लांबला, जेवण राहिलं, गोळी मात्र सकाळीच पोटात गेलेली. या वयात घाम, थरथर ही लक्षणं पुसट असतात; घरच्यांना दिसतं ते असंबद्ध बोलणं, नाहीतर थेट पडणं. त्यांची एचबीए१सी ७.८ असेल आणि लक्ष्य साडेसातच्या आत असेल, तर अर्धा टक्का पुरतो. २०१९ च्या कॅरोलिना चाचणीत सुमारे सहा वर्षांत ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांपैकी ३७.७ टक्के लोकांची साखर कधी ना कधी घसरली, लिनाग्लिप्टिनवाल्यांपैकी १०.६ टक्के. हृदयविकाराचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. मात्र ग्लिप्टिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालूच असेल, तर हा फायदा बराचसा वाया जातो. आपल्याकडे चिठ्ठीत अशी जोडी बरेचदा दिसते.

म्हातारपणी मूत्रपिंडं थकलेली असतात. तिथे सिटाग्लिप्टिनचा १०० मिलिग्रॅमचा डोस ५० किंवा २५ वर आणावा लागतो. लिनाग्लिप्टिनचा ५ मिलिग्रॅम तसाच चालतो. सॅक्साग्लिप्टिन या आणखी एका ग्लिप्टिनवर २०१३ च्या चाचणीत हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणारे थोडे वाढले, सिटाग्लिप्टिनवर २०१५ मध्ये तसं आढळलं नाही. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, सांधे खूप दुखतात किंवा अंगावर ताणलेले मोठे फोड उठतात. फोड वृद्धांतच जास्त दिसतात आणि गोळी सुरू होऊन महिने लोटलेले असल्याने संशय तिच्यावर जात नाही.

भारतात ही औषधं बरीच वर्षं महाग होती. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या अखेरीस संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये. त्यानंतर अनेक कंपन्या उतरल्या आणि किमती झपाट्याने खाली आल्या.