फर्मचा लूक शिकवायचा, फर्मची इमारत नाही

लोरा म्हणजे चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलला आपली स्टाइल शिकवणारी छोटी जोडफाइल. पहिल्यांदा ट्रेन केलेल्या लोराकडे आम्ही एक साधा बस स्टॉप मागितला, छप्पर, बाकडं, बास. तर त्याने बस स्टॉपच्या मागच्या भिंतीला भलीमोठी गोल खिडकी बसवून दिली. मग दवाखाना मागितला, तिथेही तीच खिडकी. ज्या आर्किटेक्चर फर्मसाठी हे करत होतो त्यांनी बघताक्षणी ओळखलं की ही तर आपल्या लायब्ररीची खिडकी. त्यांना हवं काय होतं, तर त्यांच्या रेंडरमध्ये, म्हणजे इमारतीच्या कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्रांमध्ये, जो एक ठरावीक मऊ प्रकाश असतो, जरा फिकट हिरवी झाडं, ओलसर दिसणारी जमीन, तेवढंच नव्या चित्रांमध्ये यावं. जुनी इमारत नको.

हे का झालं ते कळायला लोरा काय करतो ते थोडं बघावं लागेल. चित्र काढणाऱ्या मॉडेलमध्ये आकड्यांचे मोठमोठे तक्ते असतात, उदाहरणार्थ एसडीएक्सएल नावाच्या मॉडेलमध्ये १२८० ओळी आणि १२८० रकान्यांचे बरेच तक्ते आहेत, म्हणजे एकेका तक्त्यात १६ लाख ३८ हजार ४०० आकडे. लोरा या मूळ तक्त्याला हातच लावत नाही. तो शेजारी दोन चिंचोळ्या पट्ट्या ठेवतो, एक १२८० बाय ८ आणि दुसरी ८ बाय १२८०, दोघींचा गुणाकार करून जे येतं ते मूळ तक्त्यात मिळवायचं. शिकायचे आकडे फक्त २०,४८०, म्हणजे ८० पट कमी. ही कल्पना २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी भाषेच्या मॉडेल्ससाठी मांडली आणि नंतर ती चित्रांकडे आली. त्यातला तो ८ म्हणजे रँक. रँक वाढवली की पट्ट्या रुंद होतात आणि जास्त बारकावे लक्षात राहतात, आणि आपल्याला इथे नेमकं तेच नकोय, प्रकाश शिकायला फार जागा लागत नाही. पण रँक कमी ठेवली म्हणजे झालं असं बिलकुल नाही, आमची पहिली ट्रेनिंग ८ वरच होती आणि तरी खिडकी आलीच.

खरी गडबड फोल्डरमध्ये होती. एकूण ४६ रेंडर, त्यातले १९ एकट्या लायब्ररीचे, कारण तो फर्मचा सगळ्यात आवडता प्रोजेक्ट, सगळ्या बाजूंनी काढलेला. आणि प्रत्येक चित्राला कॅप्शन एकच, नुसता ट्रिगर शब्द, म्हणजे जो लिहिला की लोराची स्टाइल यावी तो:

```
nvkr render
```

आता मॉडेलच्या बाजूने बघा. त्याला चित्रात नॉइज, म्हणजे कसेही विखुरलेले ठिपके, मिसळून देतात आणि सोबत कॅप्शन देतात, त्यावरून नॉइज ओळखायचा असतो. कॅप्शनमधल्या ओळखीच्या शब्दांनी जे समजतं ते त्याला आधीच येत असतं, त्यासाठी नवीन फार काही शिकावं लागत नाही. जे कॅप्शनमध्ये नाही पण चित्रांमध्ये सारखं सारखं दिसतं, ते जाऊन चिकटतं ट्रिगर शब्दाला. आमच्या कॅप्शनमध्ये काहीच नव्हतं, त्यामुळे प्रकाश, झाडं, विटा, खिडकी सगळं एकाच गठ्ठ्यात `nvkr` झालं. म्हणून स्टाइल शिकवताना नियम ऐकायला उलटा वाटतो: जे शिकायला नको ते सविस्तर लिहायचं आणि जे हवंय त्याबद्दल गप्प बसायचं. दुसऱ्या वेळची कॅप्शन अशी होती:

```
nvkr render, three-storey brick library, large round window on upper floor, stone steps, two people walking
```

इमारतीचं सगळं लिहिलं, प्रकाशाबद्दल, रंगाबद्दल एक अक्षर नाही. (रात्रीचे चार रेंडर होते, तिथे मात्र रात्र आहे असं लिहिलं, नाहीतर दिवसाच्या चित्रांतही अंधार झिरपला असता.)

लायब्ररीचे तीनच रेंडर ठेवले आणि इतर प्रोजेक्टचेही दोन-तीनच्या वर नाही, एकूण २८ उरले. त्यातल्या काहींमधून इमारत कापूनच टाकली, फक्त आकाश आणि झाडांचा तुकडा, किंवा फरशी आणि सावली, कारण लूक तिथेही पुरेपूर असतो. आणि हे करताना एक गोष्ट दिसली जी आधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती: लाल कोटातली एक बाई नऊ रेंडरमध्ये होती. रेंडरमध्ये माणसं कटआउट म्हणून टाकतात आणि तोच आवडता कटआउट वर्षानुवर्षं वापरला जातो, लोराने तिलाही स्टाइल समजून घेतलं असतं. ती खोडली.

२८ चित्रं, प्रत्येक १० वेळा, म्हणजे एका फेरीत २८० स्टेप्स, अशा सहा फेऱ्या, १६८० स्टेप्स. प्रत्येक फेरीनंतर फाइल सेव्ह करायची, हे फार महत्त्वाचं, कारण कॉपी करणं कधी सुरू झालं ते लॉसच्या, म्हणजे मॉडेलची चूक मोजणाऱ्या आकड्याच्या, आलेखावरून कळत नाही, तो वरखाली होत होत खालीच सरकतो आणि पाठांतर झालं तरी छानच दिसतो.

मग कळतं कसं? पहिली परीक्षा म्हणजे नुसता ट्रिगर शब्द देऊन वीस-पंचवीस चित्रं काढायची, त्यात एकच इमारत पुन्हा पुन्हा आली तर पाठांतर झालंय. दुसरी मला जास्त आवडते. फर्मने कधीच न केलेली गोष्ट मागायची, आम्ही दीपगृह मागितलं, सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवायचा आणि लोराचा जोर ०, ०.४, ०.८, १ असा वाढवत न्यायचा. दीपगृह जागच्या जागी राहून फक्त ऊन मऊ झालं, झाडं फिकट झाली तर लूक शिकलाय. आकारच वाकायला लागला, मनोऱ्याला पायऱ्या फुटल्या, तर इमारत शिकलाय. चौथ्या फेरीच्या फाइलमध्ये ०.८ पर्यंत मनोरा हलला नाही, सहाव्या फेरीत ०.८ लाच वरच्या बाजूला गोलाकार काहीतरी दिसायला लागलं, म्हणून चौथी घेतली.

डोळ्यांवर पूर्ण भरवसा नको म्हणून आकड्यांनीही तपासलं. डिनो नावाचं मॉडेल चित्राचं आकड्यांच्या यादीत रूपांतर करतं, दोन याद्या किती जवळ आहेत ते मोजता येतं. पण नवी चित्रं जुन्यांसारखी दिसणारच, तोच तर उद्देश आहे, मग किती जवळ म्हणजे जास्त? त्यासाठी फर्मच्याच दोन वेगवेगळ्या प्रोजेक्टचे रेंडर आपसात किती जवळ आहेत ते आधी मोजलं, ती झाली नेहमीची पातळी. नवं चित्र कुठल्याही जुन्या रेंडरच्या त्याहून जवळ गेलं की ते बाजूला काढून माणसाने शेजारी ठेवून बघायचं.

प्रत्यक्ष कामात तर इमारतीचा आकार लोराकडे सोडतच नाहीत. नव्या डिझाइनच्या थ्रीडी मॉडेलमधून डेप्थचं, म्हणजे कुठली गोष्ट किती लांब आहे ते दाखवणारं, चित्र काढून कंट्रोलनेट या आकार धरून ठेवणाऱ्या जोडमॉडेलला देतात, भिंती-खिडक्या कुठे आहेत ते तिथून ठरतं आणि लोरा फक्त वातावरण देतो. जुन्या इमारतीला शिरायला फार वाव उरत नाही, तरी मोकळी भिंत मोठी असेल तर लोरा तिथे काहीतरी भरू बघतो, लक्ष त्या भिंतीवर ठेवायचं.

एक गोष्ट मात्र सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. विटा लूकमध्ये मोडतात की इमारतीत? यावर फर्ममध्ये दुपारभर चर्चा झाली, शेवटी ठरलं की विटांचा तो जरा राखाडी तांबडा रंग आमचा, पण लायब्ररीच्या भिंतीत विटा एकाआड एक बाहेर काढल्या होत्या तो नमुना त्या इमारतीचा. मग कॅप्शनमध्ये रंगाबद्दल काही न लिहिता त्या तीन चित्रांत बाहेर आलेल्या विटांचा उल्लेख टाकला आणि ट्रेनिंग पुन्हा लावली.