बिरकत हामाझोन (ज्यू जेवणानंतरची चार आशीर्वचनं)

भाकरी किंवा पाव खाऊन जेवण झालं की ज्यू माणसानं म्हणायची हिब्रू प्रार्थना. माझोन म्हणजे अन्न, आणि बिरकत हा बेराखा या शब्दाचा संबंध दाखवणारं रूप. बेराखाला मराठीत आशीर्वाद म्हणायची पद्धत आहे आणि या नोंदीतही सोयीसाठी तोच शब्द ठेवलाय, पण आपल्याकडे आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यायचा असतो, इथे उलटं आहे, माणूस देवाला ‘तू धन्य’ म्हणतो. जेवणाआधी पावावर एक छोटी बेराखा असतेच, तिचं मूळ रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या, नियमात आहे. जेवणानंतरच्या प्रार्थनेला मात्र थेट तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचा, आधार मानतात, तो म्हणजे त्यांतल्या अनुवाद या पुस्तकातलं वचन ८:१०, ज्याचा आशय असा की तू खाशील, तृप्त होशील आणि तुझ्या देवानं दिलेल्या चांगल्या देशाबद्दल त्याला धन्य म्हणशील.

या आधारामुळे एक व्यवहारातला फरक पडतो. पोटभर जेवला आणि नंतर आठवेना की म्हटलं की नाही, तर परत म्हणायचं, कारण तोराच्या आज्ञेबाबत शंका आली की कडक बाजू घेतात. पोट भरलं नसेल, नुसता ऑलिव्हच्या फळाएवढा पाव खाल्ला असेल, तरी म्हणायचंच, पण ते बंधन रब्बींचं, तिथे शंकेचा फायदा माणसाला. ऑलिव्हएवढा म्हणजे किती यावर वेगळा मोठा वाद आहे, २७ घनसेंटीमीटरच्या आसपासचा आकडा बराच चालतो, काहीजण ५०पर्यंतही जातात. वेळेची मर्यादा जेवण पचेपर्यंत, साधारण ७२ मिनिटं धरतात.

चार आशीर्वादांचे विषय थोडक्यात असे. पहिला, हाझान, म्हणजे जो पोसतो तो, सगळ्या जगाला आणि प्रत्येक जिवाला अन्न देणाऱ्या देवाबद्दल. त्यात इस्रायलचं नाव नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं. दुसरा देशाबद्दल, त्यात ‘हवीहवीशी, चांगली, प्रशस्त भूमी’ असं म्हणायचं, मिसरमधून सुटका, सुंतेचा करार आणि तोरा यांचा उल्लेख यायचा, शेवट ‘देश आणि अन्न’ यांवर. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या संग्रहात, एलिएझर रब्बींच्या नावावर असं आहे की भूमीची ती तीन विशेषणं आणि पुढच्या आशीर्वादातलं दावीदचं राज्य वगळलं तर कर्तव्य पुरं होत नाही. तिसरा यरुशलेमबद्दल, आणि तो आभाराचा नाही, मागणीचा आहे: इस्रायलवर, यरुशलेमवर, दावीदच्या घराण्यावर आणि मंदिरावर दया कर, शहर पुन्हा बांध. त्याच दमात अगदी घरगुती मागणी येते, की आम्हाला माणसांच्या दानाची किंवा त्यांच्या उसनवारीची गरज पडू देऊ नकोस. चौथा, हातोव वेहामेतीव, ‘जो चांगला आहे आणि चांगलं करतो’.

तिसऱ्या आशीर्वादाशी एक चाल जोडलेली आहे, टेबलावरचे सुरे आधी उचलायचे किंवा झाकून ठेवायचे. शुल्खान आरुखमध्ये, म्हणजे १६व्या शतकात योसेफ कारोनं रचलेल्या नियमग्रंथात, ही चाल नोंदलेली आहे आणि शब्बाथ व सणांना ती नको असंही म्हटलंय. कारण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट अशी की एक माणूस यरुशलेमच्या ओळीपर्यंत आला, मंदिर उद्ध्वस्त झाल्याचं त्याला आठवलं आणि त्यानं समोरचा सुरा स्वतःच्या पोटात खुपसला. गोष्ट खरी असो नसो, पण तिसरा आशीर्वाद म्हणताना माणसाच्या मनात काय असावं अशी अपेक्षा होती ते तिच्यावरून कळतं.

आता कोणी कोणता आशीर्वाद घातला हा प्रश्न, आणि खरी भानगड इथेच सुरू होते. बाबिलोनी तालमूदमध्ये (बेराखोत ४८ब) रव नाखमानच्या नावावर सरळ क्रम दिलाय. स्वर्गातून मान्ना हे अन्न पडलं तेव्हा मोशेनं पहिला, देशात शिरल्यावर यहोशवानं दुसरा, दावीद आणि शलमोन या बापलेकांनी तिसरा, त्यातही ‘तुझी प्रजा इस्रायल आणि तुझं शहर यरुशलेम’ दावीदचं आणि ‘महान व पवित्र मंदिर’ शलमोनचं. चौथा यावनेच्या, म्हणजे मंदिर पडल्यावर रब्बी जिथे जमले त्या गावाच्या, विद्वानांनी, बेतार या गावात मारले गेलेल्यांच्या निमित्तानं. याला इतिहास म्हणून वाचणारे आज कमी, हा क्रम म्हणजे मजकुराच्या थरांचं पारंपरिक स्पष्टीकरण आहे असं समजणं बरं. परंपरेतल्या लोकांनाही त्यातली अडचण दिसत होतीच: दावीदच्या काळात शहर उभं होतं, मग ते परत बांध असं कोण कशाला म्हणेल? बार्सिलोनाचा रब्बी रश्बा (१२३५–१३१०) याचं उत्तर असं की विषय तोच होता पण शब्द वेगळे होते, आहे ते टिकू दे असे, उद्ध्वस्त झाल्यावर शब्द बदलले. हे उत्तर साधं आहे आणि बहुधा त्याच दिशेनं जायला हवं, कारण ठरावीक शब्द आधी आणि विषय नंतर असं इथे कुठेच दिसत नाही.

तीन भागांची जुळणी जुनी आहे यावर फार वाद नाही. जुबिलींच्या पुस्तकात, जे साधारण इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातलं मानतात, अब्राहाम जेवल्यावर देवाचे आभार मानतो आणि पुढे आपल्या वंशासाठी मागणं मागतो, त्यात पुष्कळांना ही जुळणी दिसते. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या दिदाखे या पुस्तिकेच्या १०व्या भागातही जेवणानंतरची प्रार्थना याच वळणाची आहे, आभार, मग पुन्हा आभार, मग मागणी, फक्त यरुशलेमच्या जागी चर्च आलंय. २०व्या शतकात अभ्यासक लुई फिंकेलस्टाइननं निरनिराळ्या प्रथांचे पाठ शेजारी ठेवून एक मूळ छोटा पाठ काढायचा प्रयत्न केला. योसेफ हाइनेमानचं म्हणणं पडलं की असा एकच मूळ पाठ कधी नव्हताच, तोंडी परंपरेत सुरुवातीपासून अनेक रूपं चालत होती. कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनागॉगमधल्या जुन्या हस्तलिखितांच्या कोठारात, सापडलेले पाठ एकमेकांशी जितके वेगळे आहेत ते बघता दुसरं मत जास्त पटतं.

चौथ्याबद्दल मात्र तालमूदमध्येच दोन सूर आहेत. त्याच पानावर एका बराइतात, म्हणजे तालमूदनं उद्धृत केलेल्या जुन्या रब्बी-वचनात, अनुवाद ८:१० च्या शब्दाशब्दातून सगळे आशीर्वाद काढून दाखवलेत, ‘तुला दिला’ या शेवटच्या शब्दांमधून चौथासुद्धा, म्हणजे तो तोराचाच ठरतो. आणि रब्बी (येहूदा हानासी) म्हणतात की तो यावनेत घातला. बेतारची गोष्ट अशी: रोमविरुद्धच्या बार कोखबाच्या बंडाचा शेवट इ. स. १३५ च्या सुमारास बेतार पडून झाला, रोमनांनी प्रेतं पुरू दिली नाहीत. यरुशलेमी तालमूद सांगतो की रोमन सम्राट हाद्रियानचा १८ मैल लांब आणि १८ मैल रुंद द्राक्षमळा होता, तिबेरियापासून सिपोरीपर्यंत जेवढं अंतर तेवढा, आणि त्याला कुंपण म्हणून ही प्रेतं उभी केली होती. पुढे दुसरा राजा आला तेव्हा पुरायची परवानगी मिळाली. हाद्रियान १३८ मध्ये वारला आणि अंतोनिनस पायस आला, त्यामुळे ‘दुसरा राजा’ तोच असावा असं धरतात. आकडा अर्थात अतिशयोक्तीचा. मग नावाचा अर्थ असा लावला: ‘चांगला’, कारण प्रेतं कुजली नाहीत, ‘चांगलं करतो’, कारण ती पुरता आली.

ऐकायला नेमकं बसतं, पण ‘हातोव वेहामेतीव’ हे सूत्र मिश्नातही, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहातही, (बेराखोत ९:२) आहे, पाऊस पडला किंवा चांगली बातमी आली की म्हणायचं, आणि तिथे बेतारचा काही संबंध नाही. यावनेचा सुवर्णकाळही बेतारच्या आधीचा. म्हणून असं दिसतं की आभाराचं एक सुटं, चालू सूत्र जेवणाच्या शेवटी येऊन चिकटलं आणि बेतारची आठवण त्याच्यावर नंतर किंवा त्याच सुमारास बसली. रचनेवरूनही हेच वाटतं. दुसरा आणि तिसरा आशीर्वाद ‘बारूख’ या शब्दानं सुरू होत नाहीत, ते आधीच्याला जोडलेले, त्यांचा फक्त शेवट बारूखनं. चौथा परत बारूखनं सुरू होतो आणि मूळचा शेवट त्याला नाहीच.

हा सांधा जुन्या लोकांनी लपवलेला नाही. तिसऱ्याच्या शेवटी म्हणणाऱ्यानं स्वतःच आमेन म्हणायचं असतं, एरवी आपल्याच आशीर्वादाला आपण आमेन म्हणत नाही. तालमूदमध्ये (४५ब) आबाये हे आमेन मोठ्यानं म्हणत असे, म्हणजे मजुरांना ऐकू जावं आणि त्यांनी उठून कामाला लागावं, कारण चौथा तोराचा नाही. रव आशी मुद्दाम हळू म्हणत असे, म्हणजे लोकांनी चौथ्याला हलकं समजू नये. मजुरांसाठी तर आणखी छोटी सोय होती (१६अ): पहिला पूर्ण, दुसऱ्यातच यरुशलेम घालून टाकायचं, आणि कामावर पळायचं, कारण तो वेळ मालकाचा. मालक सोबत जेवत असेल किंवा नुसत्या जेवणावर काम असेल तर चारही. आता ही सवलत चालत नाही, सगळे चारही म्हणतात.

आजही हा सांधा एका ठिकाणी रोजच्या व्यवहारात हाताला लागतो. शब्बाथला तिसऱ्या आशीर्वादात ‘रेत्से’ नावाचा तुकडा घालायचा असतो. समजा शनिवारी दुपारी जेवण झालं, माणूस सवयीनं रोजचं म्हणत गेला, यरुशलेम, आमेन, आणि तेव्हा आठवलं की रेत्से राहिलं. चौथा सुरू केला नसेल तर तिथेच, दोघांच्या मधे, एक छोटा भरपाईचा आशीर्वाद म्हणायचा, ज्यानं आपल्या प्रजेला विसाव्यासाठी शब्बाथ दिले त्याला धन्य, आणि पुढे जायचं. चौथा सुरू झाला असेल तर सगळं पहिल्यापासून. हे शब्बाथच्या पहिल्या दोन जेवणांना, तिसऱ्या जेवणात चौथा सुरू झाल्यावर आठवलं तर परत फिरायची गरज नाही, कारण त्या जेवणाला पाव खायलाच हवा असं सगळे धरत नाहीत. हनुक्का आणि पुरीम या सणांना दुसऱ्या आशीर्वादात घालायचा तुकडा राहिला तर मात्र परत फिरत नाहीत.

तिघे एकत्र जेवले तर आधी झिमून, म्हणजे एकानं बाकीच्यांना बोलावणं, दहा असतील तर त्यात ‘आमचा देव’ हे शब्द वाढतात. चौथ्याच्या मागून ‘हाराखामान’ने (तो दयाळू) सुरू होणारी छोटी मागणी येतात, ती प्रथेप्रमाणे कमीजास्त आणि मूळ चारांत मोजत नाहीत. पेसाख या सणाच्या रात्री ही प्रार्थना द्राक्षारसाच्या तिसऱ्या पेल्यावर म्हणतात, म्हणून ती हग्गादाच्या, म्हणजे त्या रात्रीच्या विधीच्या, पुस्तकातच छापलेली असते. कोकणातल्या बेने इस्रायल लोकांसाठी हिब्रू-मराठी हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये निघाल्या.