मसुदा अधिसूचनेचा सारांश गावकऱ्यांसाठी पुन्हा कसा लिहावा: पात्रता, कागदपत्रे, पद्धत

केंद्र सरकारचा एखादा मसुदा राजपत्रात आला की हरकती-सूचनांची मुदत लगेच धावायला लागते. मसुदा हिंदी आणि इंग्रजीत असतो, वाक्ये अर्ध्या पानाची असतात आणि सोबतचे प्रसिद्धिपत्रक ‘शाश्वत विकासाचा समतोल’ यापलीकडे फारसे सांगत नाही. मग गावात दोनच वाक्ये फिरतात: ‘सगळे बंद होणार’ आणि ‘काही होणार नाही’. या दोन्हींच्या जागी खरे काय ते लिहायचे असेल तर ते कसे करावे, याची ही माहिती. उदाहरणासाठी पश्चिम घाट पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा 31 जुलै 2024 चा मसुदा घेतला आहे. सहा राज्यांतील सुमारे 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा मसुदा; त्यातले 17,340 महाराष्ट्रातले आणि 1,461 गोव्यातले. 2014 पासूनचा हा सहावा मसुदा. त्यावरील हरकतींची मुदत संपली आहे, पण पद्धत पुढच्या कोणत्याही मसुद्याला तीच लागू पडते.

आधार कोणता?

पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील नियम 5 नुसार एखाद्या क्षेत्रात उद्योग किंवा कामांवर बंदी घालण्याची सूचना आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावी लागते आणि हरकतींसाठी 60 दिवस द्यावे लागतात. हे 60 दिवस राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात. सारांशाच्या पहिल्याच ओळीत शेवटची तारीख घाला. ‘60 दिवसांत’ एवढेच लिहिले तर प्रत्येकजण आपल्या सोयीने मोजतो.

दुसरा आधार म्हणजे केंद्राचे 2014 चे पूर्व-विधान सल्लामसलत धोरण. मसुद्यासोबत मुख्य तरतुदी सोप्या भाषेत सांगणारे टिपण द्यावे आणि बाधित लोकांच्या जगण्यावर व उपजीविकेवर काय परिणाम होईल तेही मांडावे, असे त्यात म्हटले आहे. हे धोरण आहे, कायदा नव्हे. त्यामुळे टिपण आले नाही म्हणून मसुदा आपोआप रद्द होत नाही. तरी ते मागणारे पत्र पहिल्याच आठवड्यात पाठवायला हरकत नाही. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला होता आणि मुदतही 11 ऑगस्टपर्यंत वाढवली होती. भाषेचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, एवढे त्यावरून दिसते.

कोण लिहू शकतो, कोण हरकत घेऊ शकतो?

सारांश कोणीही लिहावा: ग्रामपंचायत, शेतकरी गट, संस्था, एखादा शिक्षक. त्याला परवानगी लागत नाही. हरकत किंवा सूचना नोंदवायलाही जमीन नावावर असण्याची अट नाही. खाणीवरचा मजूर, कूळ, भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा, मुंबईत राहणारा पण गावी घर असलेला चाकरमानी, हे सगळे लिहू शकतात. ठरावीक नमुना नाही, शुल्क नाही.

हाताशी काय ठेवावे?

राजपत्रातील मूळ मसुदा परिशिष्टांसह हवा, तो egazette.gov.in वर मिळतो. बातमीवरून सारांश लिहू नका. परिशिष्टातील गावांची यादी तर हवीच, कारण पश्चिम घाटाच्या मसुद्यात ‘क्षेत्र’ म्हणजे जंगलाचा तुकडा नसून यादीतले पूर्ण महसुली गाव असते. जंगलापासून दोन किलोमीटरवर असलेली भातशेतीही त्यात येते. एकाच नावाची दोन गावे एका तालुक्यात असू शकतात. म्हणून नाव तलाठी कार्यालयातील नोंदीशी पडताळा. आणि तिसरा कागद, जो बहुतेक सगळे विसरतात: आज लागू असलेला आदेश.

‘आज काय आहे’ हे आधी लिहा

सारांश चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. मसुद्यात बंदी दिसली की लिहिणारा समजतो की आज सगळे खुले आहे. पश्चिम घाटाबाबत तसे नाही. 13 नोव्हेंबर 2013 रोजी केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 5 खाली निर्देश काढले. पश्चिम घाटासाठी केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने दाखवलेल्या क्षेत्रात नवीन आणि विस्तारित खाणी, दगडखाणी व वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामे, मोठ्या टाउनशिप आणि सर्वाधिक प्रदूषणाच्या ‘लाल’ वर्गातील उद्योग यांना त्याच दिवसापासून मनाई झाली.

म्हणजे समितीच्या क्षेत्रातल्या गावात कोणी म्हणाले की ‘हा मसुदा आला तर नवी चिरेखाण काढता येणार नाही’, तर ते अर्धेच बरोबर. नव्या खाणीला तिथे आधीच मनाई आहे. मसुद्याने खरोखर बदलते ती चालू खाणीची स्थिती. बदल नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय हरकत नेमकी होत नाही, आणि मोघम हरकत ‘इतर सूचना’ या ढिगात जाते. गाव 2013 च्या क्षेत्रात होते का आणि नव्या यादीत आहे का, हे दोन्ही तपासा. फरक निघाला तर तीच तुमची सर्वांत मोठी बातमी.

खंडानुसार नको, माणसानुसार मांडा

सरकारी सारांश मसुद्याच्या क्रमाने जातो: खाणकाम, वीज, उद्योग, बांधकाम. वाचणारा मात्र स्वतःला शोधत असतो. म्हणून आधी गावात कोण कोण आहे त्याची यादी करा, मग प्रत्येकासाठी चार गोष्टी लिहा: आज काय आहे, मसुदा अंतिम झाला तर काय होईल, कधीपासून, आणि हे मसुद्याच्या कोणत्या खंडात आहे. खंड क्रमांक टाळू नका. तो असला की शंका आलेला माणूस मूळ वाक्य काढून पाहू शकतो.

मसुद्यातले खाणींबद्दलचे वाक्य आशयाने असे आहे: खाणकाम, दगडखाण व वाळू उपसा यांवर पूर्ण बंदी राहील, चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा खाणपट्ट्याची मुदत संपताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, टप्प्याटप्प्याने बंद होतील. कोकणातल्या गावासाठी ते असे लिहिता येईल:

> *तुमची चिरेखाण किंवा दगडखाण चालू असेल तर:* खाण लगेच बंद होणार नाही. पण ती जास्तीत जास्त पाच वर्षे चालेल. समजा अंतिम अधिसूचना 1 जानेवारी 2027 ला निघाली. तुमचा पट्टा मार्च 2029 ला संपत असेल, तर खाण मार्च 2029 ला बंद. पट्टा 2035 पर्यंत असेल, तरी 2031 अखेरपर्यंत बंद करावी लागेल. पाच वर्षे मोजायची ती अंतिम अधिसूचनेपासून, मसुद्यापासून नाही.
>
> *तुम्ही खाणीवर कामाला असाल तर:* खाण बंद होण्याची तारीख तीच तुमचे काम संपण्याची तारीख. या तरतुदीत मजुरांचा उल्लेख नाही.
>
> *तुम्हाला घर बांधायचे किंवा दुरुस्त करायचे असेल तर:* सध्याच्या घराची दुरुस्ती, वाढ, नूतनीकरण यावर या मसुद्याने बंदी येत नाही. आजचे नियम तसेच राहतील. बंदी आहे ती 20,000 चौरस मीटर आणि त्यावरील बांधकामांना, म्हणजे सुमारे 2 लाख 15 हजार चौरस फुटांना. मात्र खाणी बंद झाल्या की चिरा गावातच मिळणार नाही, तो यादीबाहेरच्या गावातून आणावा लागेल.
>
> *तुम्ही शेती किंवा बागायत करत असाल तर:* बंदीच्या यादीत शेती नाही.

तारखा काल्पनिक असतील तर ‘समजा’ हा शब्द गाळू नका. पाटीवर लिहिताना कोणीतरी तो गाळतो आणि मग 2027 ही सरकारी तारीख होऊन बसते.

मजुरांबद्दलच्या ओळीतले शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. मसुद्यात जे नाही तेही सांगावे लागते, पण ‘सरकारला मजुरांची पर्वा नाही’ असे लिहिले की सारांशाचे पत्रक होते. तुमचे मत हरकतीत लिहा, तिथे ते हक्काने लिहिता येते.

घराच्या ओळीतल्या चिऱ्याच्या किमतीचा अंदाज मी मुद्दाम दिलेला नाही. परिणामाची साखळी एक पाऊल पुढे नेणे ठीक. चिरा कुठून येईल ते मसुद्यावरूनच निघते. भाव किती होईल ते निघत नाही.

चुका कुठे होतात?

परंतुक गळणे ही सर्वांत महागडी चूक. ‘बांधकामांवर बंदी’ असे मथळ्यात आले आणि घरदुरुस्तीची सूट खाली राहिली की ग्रामसभा तिथेच पेटते. सूट नेहमी बंदीच्या त्याच वाक्यात किंवा लगेच पुढच्या वाक्यात ठेवा.

मोजमापेही बदलून द्या. टाउनशिपची मर्यादा 50 हेक्टर. ती सुमारे 125 एकर असे सांगितले की ऐकणारा लगेच म्हणतो, मग आपला काय संबंध? हेच हवे आहे. ‘लाल वर्गातील उद्योग’ असे लिहून सोडू नका. गावातल्या किंवा जवळच्या प्रत्येक कारखान्याचे नाव घेऊन तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत कुठे बसतो ते त्याच्या संमतीपत्रावर पाहा.

जिथे मसुद्याचेच दोन अर्थ निघतात तिथे दोन्ही लिहा आणि ‘हे स्पष्ट करावे’ ही सूचना पाठवा. आपल्या मनाने एक अर्थ निवडू नका.

तपासायची रीत सोपी आहे. सारांश छापण्याआधी प्रत्येक गटातल्या एकाला वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा, तुमच्यासाठी काय बदलणार? खाणमजूर ‘पाच वर्षे’ म्हणाला आणि शेतकरी ‘काही नाही’ म्हणाला तर ठीक. शेतकऱ्याने घर बांधता येणार नाही असे सांगितले तर तो भाग पुन्हा लिहा.

हरकत कशी पाठवावी?

सारांश पहिल्या दहा-बारा दिवसांत तयार झाला तरच ग्रामसभेला नोटीस, चर्चा आणि ठराव यांना वेळ उरतो. हरकतीत मसुद्याचा क्रमांक व तारीख, गाव-तालुका, खंड क्रमांक, तुम्ही कोणत्या गटातले आणि नेमका बदल काय हवा हे लिहा. ‘मसुदा रद्द करा’ यापेक्षा ‘खाणींच्या खंडात मजुरांच्या पर्यायी रोजगाराची तरतूद जोडावी’ याचा नेमका विचार होऊ शकतो. सोबत सातबारा, खाणपट्ट्याची प्रत, मजुरांची सही केलेली यादी, ग्रामसभेचा ठराव यांपैकी जे लागू असेल ते जोडा. सक्तीचे काहीच नाही.

पत्ता मसुद्याच्या सुरुवातीलाच असतो. पश्चिम घाटासाठी तो असा होता: सचिव, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोरबाग रोड, अलीगंज, नवी दिल्ली 110003, ईमेल esz-mef@nic.in. दोन्हीकडे पाठवा, स्पीड पोस्टची पावती ठेवा.

ठरलेल्या कालावधीत अंतिम अधिसूचना निघाली नाही तर मसुदा कालबाह्य होतो आणि नवा काढावा लागतो. पश्चिम घाटाच्या मसुद्यांची संख्या सहावर गेली ती त्यामुळेच. नवा मसुदा आला की 60 दिवस नव्याने सुरू होतात. जुनी हरकत विचारात घेतली जाईल असे गृहीत न धरता, दोन्ही मसुदे शेजारी ठेवून खंड क्रमांक बदलले आहेत का ते पाहा, गावाचे नाव यादीत अजून आहे का ते पाहा आणि नव्या क्रमांकाने हरकत पुन्हा पाठवा.