शंभर सीसी, साडेतीनशे सीसी आणि यवतेश्वरचा घाट

आमच्या घरात दोन गाड्या आहेत आणि दोन पक्ष आहेत. माझी यामाहा आरएक्स १००, चुलतभावाची रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. क्लासिक म्हटलं की तो रागावतो, त्याच्या लेखी ती बुलेटच. त्याचा मुद्दा सरळ आहे: "तुझं इंजिन शंभर सीसीचंसुद्धा नाही. माझं साडेतीनशेचं. विषय संपला." माझा मुद्दाही सरळ होता: साताऱ्यात समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट लागला की एकटा असताना मी त्याच्या मागे फारसा पडत नाही. साडेतीनपट इंजिन असेल तर साडेतीनपट फरक पडायला हवा, तो कुठे गेला?

आधी सीसीचं बघू. सीसी म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढी जागा झाडतो तिचं माप. भांडं केवढं, एवढंच ते सांगतं. त्या भांड्यात मिनिटाला किती वेळा जाळ होतो, हे ते सांगत नाही. आरएक्सचं इंजिन ९८ सीसीचं, पण टू-स्ट्रोक. त्यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. क्लासिकचं ३४९ सीसीचं, फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एक स्फोट. शिवाय आरएक्स आपली पूर्ण ताकद मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर देते, क्लासिक ६१०० वर. त्यामुळे भांडं साडेतीनपट मोठं असूनही ताकद दुपटीच्या आतच राहते: आरएक्सची ११ अश्वशक्ती, क्लासिकची २०.२.

आता दुसरी बाजू, वजन. आरएक्स १०३ किलोची, क्लासिक १९५ किलोची. ताकद दुपटीच्या थोडी आत आणि वजनही दुपटीच्या थोडं आत. भागाकार करा. एका टनामागे किती अश्वशक्ती पडते ते काढलं तर आरएक्सची १०७ येते, क्लासिकची १०४. म्हणजे १९८५ साली आलेली शंभर सीसीची गाडी कागदावर २०२१ नंतरच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीला किंचित मागे टाकते. हा आकडा मी भावाला दाखवला तेव्हा तो दोन दिवस गप्प होता.

या भागाकाराला ताकद-वजन गुणोत्तर म्हणतात. तो चढावर इतका बोलका का ठरतो, हे अश्वशक्तीच्या व्याख्येतच दडलंय. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. आपल्याकडे मोटेवर पाणी काढणारी बैलजोडी हेच काम करायची: विहिरीतून वजन वर, ठरावीक वेळात. मोट मोठी केली की बैल सावकाश चालणार, लहान केली की भरभर. घाटात गाडी तेच करते, फक्त विहीर तिरकी असते. म्हणून घाटात नुसती अश्वशक्ती विचारून भागत नाही, ती किती किलोमागे आहे हे विचारावं लागतं.

याचं सगळ्यांत नागडं उदाहरण पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या चढावर दिसतं. समजा, माल भरून २८ टन झालेला ट्रक आहे आणि त्याचं इंजिन १८० अश्वशक्तीचं आहे. ते जवळपास सहा हजार सीसीचं असू शकतं, भावाच्या गाडीच्या सोळा-सतरापट! पण टनामागे पडतात जेमतेम साडेसहा अश्वशक्ती. गियर आणि अ‍ॅक्सलमध्ये थोडी ताकद वाया जाते, चाकापर्यंत पोहोचतात १५० च्या आसपास. प्रत्येक अश्वशक्तीला सेकंदाला ७५ किलो एक मीटर वर, असा हिशोब केला तर हा ट्रक सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर वर चढू शकतो. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ धरला तर रस्त्यावरचा वेग येतो ताशी २४ किलोमीटर. टायरचं घर्षण वजा केलं की बावीसच्या आसपास. ड्रायव्हर आळशी नसतो आणि इंजिनही खराब नसतं, भागाकारच तेवढा असतो. तोच ट्रक रिकामा परत निघाला की वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि तोच चढ तो सहज पळत चढतो. इंजिन तेच, सीसी तेवढेच.

इथवर मी जिंकत होतो. मग एका रविवारी कासला जायचं ठरलं आणि वहिनी म्हणाल्या, "मी तुमच्या गाडीवर बसते, बघू तरी कशी ओढते." भावाच्या मागे माझा मुलगा बसला. घाट सुरू झाल्यावर दुसऱ्याच वळणानंतर भाऊ दिसेनासा झाला. वर कट्ट्यावर तो चहा संपवून बसला होता.

माझी चूक ही होती की मी गाडीचं वजन धरलं, पण गाडी एकटी कधीच घाट चढत नाही. कंपनीच्या कागदावरचा भागाकार माणसाविना असतो. ट्रक किंवा मोटारीच्या बाबतीत एका माणसाने फारसं बिघडत नाही. मोटारसायकलवर मात्र माणूस हा गाडीचा मोठा हिस्सा असतो, आणि गाडी जितकी हलकी तितका तो हिस्सा मोठा.

माझं वजन ७५ किलो. मी बसलो की आरएक्स १७८ किलोची होते आणि टनामागे १०७ ची ६२ अश्वशक्ती उरते. भावाचं वजनही तेवढंच, पण त्याच्या गाडीचा आकडा ७५ वरच थांबतो. म्हणजे एकटा असतानाही तो पुढेच असायला हवा, आणि खरं सांगायचं तर असायचाही. पण वळणावळणाच्या घाटात पूर्ण ताकद लावायला जागाच मिळत नाही, हलकी गाडी वळणाला पटकन आत-बाहेर होते, म्हणून माझं झाकून जायचं. मागे ६५ किलोचा दुसरा माणूस बसला की आरएक्स ४५ वर येते आणि क्लासिक ६० वर. कागदावर तीन आकड्यांनी मागे असलेली गाडी पंधरा आकड्यांनी पुढे जाते. दोघांवर ओझं सारखंच चढलं, पण १०३ किलोच्या गाडीवर १४० किलो म्हणजे स्वतःपेक्षा जास्त भार झाला.

आणि रस्त्यावर हा फरक आकड्यांत दिसतो त्यापेक्षाही मोठा जाणवतो. का, ते एकदा हिशोबाने बघू. चढ शंभर मीटरला सात मीटरचा आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरू. या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १.१७ मीटर वर चढते. डबल सीट आरएक्सचे २४३ किलो त्या गतीने उचलायला ३.८ अश्वशक्ती लागते. वारा कापायला आणि टायर फिरवायला अंदाजे आणखी तीन. चाकापर्यंत पोहोचते साधारण सव्वानऊ. उरली अडीच. या अडीचवर वेग वाढवायचा आणि पुढची एसटी ओलांडायची. क्लासिकचे ३३५ किलो उचलायला ५.२ लागते, वारा-टायरला साडेतीनच्या आसपास, आणि चाकापर्यंत येते सतरा. उरली आठच्या वर. उरलेली ताकद वजनाने भागली तर क्लासिककडे दुपटीहून जास्त येते. आपण ज्याला पिकअप म्हणतो तो या शिल्लकीतून येतो, एकूण ताकदीतून नाही. दोन घरांच्या पगारात थोडाच फरक असतो, पण महिनाअखेरीला एकाकडे अडीच हजार उरतात आणि दुसऱ्याकडे आठ, तसंच हे.

यात आणखी एक मेख आहे. भागाकारात आपण जी अश्वशक्ती घालतो ती त्या इंजिनाची सर्वांत जास्त, एकाच ठरावीक फेऱ्यांवर मिळणारी. क्लासिकचं टॉर्क, म्हणजे क्रँक पिळण्याचं बळ, ४००० फेऱ्यांवरच २७ न्यूटन-मीटर असतं. त्याचा हिशोब केला तर तिथेच १५ अश्वशक्ती हाताशी असते, म्हणजे तीन चतुर्थांश ताकद निवांत फिरणाऱ्या इंजिनात. आरएक्सचं टॉर्क १०.३९ न्यूटन-मीटर आणि तेही ६५०० फेऱ्यांवर. तिला सतत वर ओरडत ठेवावं लागतं. वळणात जरा अ‍ॅक्सिलरेटर सोडला, फेरे पडले आणि गियर खाली टाकायला उशीर झाला, की ती ११ ची गाडी त्या क्षणी ११ ची राहतच नाही. गाडी 'दमली' हे कानालाच कळतं: आवाज पातळ होतो, मूठ पिळूनही फेरे चढत नाहीत. तेव्हा मूठ आणखी पिळण्यात अर्थ नसतो, गियर उतरवायचा असतो. त्या रविवारी वहिनींशी गप्पा मारण्याच्या नादात मी तीनदा हे विसरलो.

दुसरीकडे हा भागाकार सगळीकडे चालतो असंही नाही. सपाट महामार्गावर सरळ एका वेगाने जाताना वजन उचलायचं नसतं, फक्त हवा कापायची असते. तिथे कमाल वेग वजनाने जवळजवळ ठरत नाही. एकूण ताकद आणि समोरून वाऱ्याला भिडणारा आकार, या दोनच गोष्टी तिथे मोजायच्या. साताऱ्याहून कऱ्हाडकडे जाताना आरएक्सला हलकं असण्याचा जो काही फायदा आहे तो सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत संपतो. शर्यतीचं छकडं हलकं करतात ते याच पहिल्या उसळीसाठी. बैलांची ताकद वाढवायला वर्षं लागतात, लाकूड तासायला एक दुपार पुरते.

भावाने मात्र आता उलटा हिशोब सुरू केलाय. गाडीला पुढे-मागे लोखंडी गार्ड, बाजूला पेट्या, असा सगळा संसार त्याने लावला होता. तो काढून काट्यावर ठेवला तर चौदा किलो भरला. एकट्याने चढताना त्याचा आकडा ७१ वर आला होता, तो परत ७५ झाला. कागदावरच्या १९५ किलोंत हा संसार धरलेला नसतो, आणि काही ठिकाणी तर पेट्रोल-ऑईलशिवायचं कोरडं वजन छापलेलं असतं. आकडे जुळवताना ते आधी बघावं लागतं, नाहीतर आपण एका गाडीची भरलेली घागर दुसऱ्याच्या रिकाम्या घागरीशी तोलत बसतो.

कासहून परतताना वहिनी भावाच्या मागे बसल्या. उताराला ताकदीचा प्रश्नच नव्हता, फक्त वजनाचा होता. टू-स्ट्रोक इंजिन मूठ सोडल्यावर गाडीला फारसं धरून ठेवत नाही, त्यामुळे मी दुसऱ्या गियरमध्येही ब्रेक दाबत उतरलो आणि खाली आल्यावर मागच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला.