जुना बूट घेताना तळ नव्हे, फोम बघा

मुंबईत ग्रँट रोडजवळच्या ‘दीड गल्ली’ नावाच्या गल्लीत शुक्रवारी पहाटे, उजाडायच्या आधी, जुन्या बुटांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक बूट हातात घेतं आणि पहिल्यांदा उलटा करतं. तळावरच्या खाचा शाबूत दिसल्या की सौदा पक्का! खरं तर हा रबरी तळ सगळ्यात चिवट असतो, त्याच्या आधी जीव जातो तो त्याच्या वरच्या फोमचा, म्हणजे मिडसोलचा.

धावण्याच्या बहुतेक बुटांत हा फोम ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. त्यात हवेचे लाखो बंद कप्पे असतात. पाऊल पडलं की ते दबतात आणि पुन्हा फुगतात. हजारो वेळा दबल्यावर कप्प्यांच्या भिंती मुडपतात, हवा निसटते आणि फोम बसतो. धावणाऱ्यांचा ढोबळ हिशेब ५०० ते ८०० किलोमीटरचा, पण समोरचा जोड किती धावलाय हे विक्रेत्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून खुणा बघायच्या. परवा पाहिलेला एक जोड धुऊन पांढराशुभ्र केलेला होता आणि तळही छान होता. सपाट फळीवर ठेवून मागून पाहिला, तर डावी टाच आत कललेली. टाचेखाली फोमच्या बाजूला आडव्या बारीक सुरकुत्या होत्या. सुकतळा काढून अंगठ्याने आत दाबलं, तर टाचेजवळ दगडासारखं कडक आणि मधल्या कमानीत, जिथे भार कमी पडतो तिथे, लुसलुशीत. एकाच बुटातला हा फरक सगळं सांगून गेला. मी तो ठेवून दिला. कललेला बूट घोटा रोज त्याच बाजूला ढकलतो, तो स्वस्तातही नको.

न वापरलेला जुना जोडही फसवतो. काही बुटांचा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतली आर्द्रता त्याचे रासायनिक बंध तोडत राहते. कोकणातल्या कपाटात तर विचारू नका. नखाने खरवडल्यावर भुगा पडला किंवा बोटाला चिकटपणा लागला, तर पुढे जा. जिभेच्या आतल्या लेबलवर बऱ्याचदा बनवल्याची तारीख असते, तीही वाचा.

आता स्वच्छता. खरी भीती वासाची नाही, नायट्यासारख्या बुरशीची आहे. पायाला होणाऱ्या या बुरशीचे बीजाणू बुटात महिनोन्‌महिने टिकतात, फ्रीझरमध्ये ठेवूनही खात्रीने मरत नाहीत. ६० अंशांच्या पाण्याने ते मरतात, पण तेवढ्या उष्णतेत डिंकही सुटू शकतो. म्हणून लेस तेवढ्या गरम पाण्यात धुवा, सुकतळा सरळ फेकून नवा घाला आणि बूट कोमट साबणपाण्याने आतून घासा. मग सावलीत, पंख्याखाली, दोन-तीन दिवस आतपर्यंत कोरडा होऊ द्या. कडक उन्हात ईव्हीए आकसतो. शेवटी औषधाच्या दुकानातली बुरशीनाशक पावडर आत भुरभुरा आणि पायात मोजे घाला. आतलं अस्तर काळं पडून फाटलं असेल, तर एवढी खटपट करूच नका, ते धुऊन निघत नाही.