हस्तलिखित गणिताचे अरबी भाषांतर: फोटो पाठवण्याआधी समास पाहून घ्या

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फोटोंत समीकरणे स्वच्छ दिसतात आणि समास कापलेला असतो. "गणित तर पूर्ण आलंय ना?" असे ग्राहक विचारतात. आकडे पूर्ण आलेले असतात, पण ते का लिहिले हे सांगणारे शब्द कागदाच्या कडेला राहून जातात. काम एक दिवस लांबते ते बहुधा यामुळेच.

एक उदाहरण घेऊ. मूळ गणित √(x + 7) = x − 5. पुढच्या ओळी अशा:

x + 7 = x² − 10x + 25
x² − 11x + 18 = 0
(x − 2)(x − 9) = 0
x = 2 किंवा x = 9
x = 2 त्याज्य, ∴ x = 9

फोटोत एवढेच होते. आता 2 का टाकले? समासात बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. पहिल्या पायरीशेजारी "दोन्ही बाजूंचा वर्ग करून", आणि खाली "वर्गमूळ ऋण नसते, म्हणून x ≥ 5 हवे". 2 घालून पाहिले की डावीकडे 3 येतात, उजवीकडे −3. वर्ग केल्यावर हा फरक पुसला जातो, म्हणून 2 हे उत्तर मधूनच आत शिरले. समास नसेल तर अरबी वाचकाला एक उत्तर विनाकारण खोडलेले दिसेल. ते कारण आम्ही आमच्या मनाने लिहू शकतो, पण मग ती उकल तुमची राहत नाही. म्हणून आम्ही थांबतो आणि दुसरा फोटो मागतो.

कागदाच्या चारही कडा आणि थोडे टेबल दिसेल असा फोटो काढा. पाने अनेक असतील तर कोपऱ्यात क्रमांक घाला. फोटो पाठवताना आकार कमी होऊ देऊ नका, कारण ∵ आणि ∴ यांत फरक फक्त तीन ठिपक्यांच्या मांडणीचा आहे. ठिपके पुसट झाले की "कारण" आणि "म्हणून" यांची अदलाबदल होते आणि युक्तिवाद उलटा फिरतो. संदर्भावरून बहुतेक वेळा ओळखता येते, नेहमी नाही.

शब्दांबाबत आम्ही हट्टी आहोत. "वर्ग करून" हे अरबीत "बितर्बीइत्तरफैन", म्हणजे दोन्ही बाजूंच्या वर्गाने. "ज्याअर्थी" साठी "बिमा अन्न", "त्याअर्थी" साठी "इझन". मराठीतले "समजा" मात्र जपून हाताळावे लागते. "समजा x ही एक संख्या आहे" इथे "लियकुन" चालते. पण विसंगती दाखवण्यासाठी खोटे गृहीत धरायचे असेल तर "वादापुरते मानू" अशा अर्थाची रचना लागते, नाहीतर वाचक ते गृहीतक खरेच मानून पुढे जातो. हे ठरवायला सबंध उकल वाचावी लागते, म्हणून आम्ही सुट्या ओळींचे काम घेत नाही.

भाषांतर कोणत्या देशातल्या वाचकासाठी आहे, तेही कळवा. मोरोक्को, अल्जीरिया, ट्यूनिशियात मजकूर उजवीकडून चालतो, पण समीकरणे लॅटिन अक्षरांत, डावीकडून उजवीकडे. इजिप्तच्या शालेय पद्धतीत x च्या जागी अरबी "सीन" येतो, अंक वेगळे असतात, आणि समीकरण व वर्गमूळाचे चिन्ह दोन्ही उजवीकडून सुरू होतात. तिथे शून्य हा फक्त एक ठिपका असतो आणि पाचाचा आकार आपल्या शून्यासारखा दिसतो. चुकीची पद्धत निवडली तर पुन्हा सगळे मांडावे लागते.

तयार काम आम्ही पीडीएफ म्हणून देतो, साधा मजकूर म्हणून नाही. काहींना हे गैरसोयीचे वाटते. कारण असे आहे: अरबी वाक्यात 5 − x साधेच टाइप केले तर पडद्यावर ते x − 5 असे दिसू शकते. आकडा अरबी शब्दाच्या पाठोपाठ आला की तो उजवीकडून मांडला जातो आणि वजाबाकी उलटते. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की हीच गडबड होते. बदलता येण्याजोगी फाइल हवी असेल तर आधी सांगा, आम्ही प्रत्येक सूत्राची दिशा बांधून देऊ.

मूळ उकलीत चूक आढळली तर ती आम्ही गुपचूप सुधारत नाही. ओळ आहे तशीच भाषांतरित होते, आणि सोबतच्या वेगळ्या कागदावर त्या ओळीचा क्रमांक व आमची शंका लिहिलेली असते. खोडलेली ओळ खोडलेलीच राहते. बाणाने वर नेलेली पायरी कुठे बसवली, तेही त्याच कागदावर लिहितो. तो तुमच्या मूळ पानाशेजारी ठेवून वाचा आणि शंका असलेल्या ओळीचा क्रमांक आम्हाला कळवा.