जुन्या सोन्याचा परतावा (सोलापूर)

जुन्या सोन्याचा परतावा म्हणजे अनेक वर्षांत थोडे थोडे घेतलेले दागिने मोडताना हाती आलेली रक्कम आणि ते घेताना प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यांतून निघणारा वार्षिक वाढीचा दर होय. तो सोन्याच्या भाववाढीच्या दरापेक्षा नेहमीच कमी असतो. कारण भाव धातूचा असतो आणि पैसे दागिन्याचे दिलेले असतात. सोलापुरात हा हिशोब घरोघरी अडतो. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबांनी लग्नसराईत, गड्डा यात्रेच्या सुमारास किंवा भिशी फुटल्यावर पाच-दहा ग्रॅम करत सोने जोडलेले असते. त्याच्या पावत्या वेगवेगळ्या दुकानांच्या, वेगवेगळ्या करांच्या आणि कधी नुसत्या कच्च्या चिठ्ठीच्या असतात.

पावतीवरून चार गोष्टी उतरवून घ्याव्या लागतात: तारीख, निव्वळ वजन, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ व करांसह दिलेली एकूण रक्कम. यांपैकी निव्वळ वजनावर सर्वाधिक चूक होते. बोरमाळेचे पोकळ मणी, ठुशी आणि वज्रटीक यांत पुष्कळदा लाख भरलेली असते, तर मंगळसूत्रात काळे मणी असतात. जुन्या पावत्यांवर पुष्कळदा एकच वजन लिहिलेले आढळते आणि ते लाखेसह आहे की लाख वजा करून, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी वजन गुणिले भाव करून पावतीतील सोन्याची किंमत जुळते का ते पाहावे. जुळली तर लाखेचेही सोन्याच्या भावाने पैसे दिले गेले असण्याची शक्यता राहते आणि मोडताना ते वजन गळू शकते, हे आधीच समजते. फार जुन्या चिठ्ठीवर तोळा असेल, तर तो ११.६६ ग्रॅमचा की आज बोलीत रूढ असलेला १० ग्रॅमचा, हेही ठरवावे लागते.

मोडीच्या वेळी वजावट तीन ठिकाणी होते. पहिली झिजेची: रोज वापरातल्या पाटल्या आणि साखळ्या वर्षानुवर्षे घासून हलक्या होतात. दुसरी कसाची: २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध सोने. परंतु हॉलमार्कच्या आधीच्या काळातील दागिन्यात सांधे जोडण्यासाठी लावलेल्या डागामुळे आणि कधी मुळातच कमी कसाच्या सोन्यामुळे टंच, म्हणजे शुद्धतेची टक्केवारी, त्याहून खाली निघतो. पावतीवर ‘२२ कॅरेट’ लिहिलेले असले, तरी पैसे मशीनवर किंवा गाळल्यावर दिसणाऱ्या टंचाचेच मिळतात. तिसरी वजावट घटीची, म्हणजे गाळताना होणाऱ्या नुकसानीपोटी सराफ कापतो ती.

या तिसऱ्या वजावटीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. दागिना गिऱ्हाइकासमोर मुशीत टाकणखार घालून गाळला आणि थंड झालेल्या लगडीचे वजन व टंच धरून हिशोब केला, तर मळ, लाख आणि जळालेला डाग यांची घट त्या वजनात आधीच उतरलेली असते. त्यानंतर पुन्हा टक्केवारीने घट लावली, तर ती एकाच नुकसानीची दुहेरी कापणी ठरते. दागिना न गाळता नुसत्या मशीनवर तपासून घेतला असेल, तर थोडी घट धरणे समजण्यासारखे आहे. म्हणून गाळण्यापूर्वीचे वजन, गाळल्यानंतरचे वजन आणि टंच हे तिन्ही आकडे त्याच कागदावर मागून घ्यावेत.

पुढील उदाहरणातील भाव मांडणीसाठी धरले आहेत. एका घरात मे २००५ मध्ये २० ग्रॅमच्या पाटल्या २२ कॅरेटच्या ग्रॅमला ५६० रुपये भावाने घेतल्या. घडणावळ आणि कर धरून १२,५२४ रुपये गेले. मे २०१९ मध्ये १० ग्रॅमची हॉलमार्क असलेली चेन २२ कॅरेटच्या २,९५० रुपये भावाने, १४ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटीसह ३४,६३९ रुपयांना घेतली. मे २०२४ मध्ये शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला ७,२०० रुपये असताना दोन्ही दागिने न गाळता, मशीनवर तपासून मोडले. पाटल्यांचे वजन १९.६ ग्रॅम भरले आणि टंच ८६ निघाला. दोन टक्के घट कापून १,१८,९३६ रुपये आले. चेनीचे वजन आणि कस पावतीप्रमाणे निघाले. तेवढीच घट कापून तिचे ६४,६३३ रुपये आले.

नुसता भाव पाहिला, तर पाटल्यांच्या १९ वर्षांत सोने दरसाल सुमारे १३.९ टक्क्यांनी वाढले. घरात पडलेला परतावा मात्र १२.६ टक्के आहे. चेनीच्या पाच वर्षांत भाव १७.५ टक्क्यांनी वाढला आणि परतावा १३.३ टक्के पडला. एकूण गळती पाटल्यांची मोठी आहे. त्यांच्या किमतीतून सुमारे १९ टक्के गेले, चेनीतून सुमारे १७ टक्के. तरीही दरसाल फटका चेनीला तिपटीहून अधिक बसला, कारण तिची गळती पाचच वर्षांवर विभागली गेली. घडणावळ आणि घट दरवर्षी लागत नाहीत, त्या दर फेरीला लागतात. त्यामुळे खरा तोटा जुना दागिना मोडून नवा करण्याच्या सवयीत आहे, आणि हा तोटा घरात कुणी तोटा म्हणून मोजत नाही, कारण हातात सोनेच राहिलेले दिसते. त्याच पाटल्या मधे एकदा मोडून चेनीइतक्याच घडणावळ, कर आणि घटीत नव्या केल्या असत्या, तर १२.६ टक्क्यांचे ११.५ झाले असते. अदलाबदलीत कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. जुन्या सोन्याची रक्कम ही केवळ त्याच्या मोबदल्याचा भाग असते.

अनेक पावत्यांचा एकत्रित दर काढताना प्रत्येकाच्या टक्केवारीची सरासरी काढू नये. दुसऱ्या ओळीपासून तारखा A स्तंभात आणि रकमा B स्तंभात मांडाव्यात, दिलेल्या रकमांना उणे चिन्ह लावावे आणि स्प्रेडशीटमध्ये पुढील सूत्र वापरावे:

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

वरील दोन खरेदी आणि एक विक्री यांचा दर सुमारे १२.७ टक्के येतो. मोडीतून आलेली रक्कम नव्या दागिन्यात गेली असेल, तर ती विक्री आणि नवी खरेदी अशा दोन नोंदी कराव्यात. नुसता वरून दिलेला फरक लिहिल्यास त्या फेरीची घडणावळ आणि घट किती गेली हे वेगळे दिसत नाही.

हे दर प्राप्तिकरापूर्वीचे आहेत. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या दागिन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो आणि महागाईनुसार खरेदीकिंमत वाढवून मिळत नाही. खरेदीकिंमत दाखवायला पावतीच लागते. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या दागिन्यासाठी त्या तारखेचे बाजारमूल्य खरेदीकिंमत म्हणून धरता येते. आईकडून किंवा सासूकडून वारशाने आलेल्या दागिन्याला त्यांची खरेदीकिंमत लागू होते, म्हणून त्यांच्या पावत्याही दागिन्यासोबतच हस्तांतरित झाल्या पाहिजेत. थर्मल कागदावरची छपाई काही वर्षांत पुसट होते. अशा पावतीचा फोटो घेऊन वजन, भाव आणि रक्कम हाताने वहीत उतरवून ठेवावी लागते.

पावती हरवली असेल, तर लग्नाची किंवा बारशाची तारीख आठवून त्या महिन्याचा भाव आणि आजचे वजन यांवरून धातूची किंमत बांधता येते. घडणावळ मात्र त्यातून निघत नाही. ती एकदा ८ आणि एकदा १५ टक्के धरून दोन दर काढावेत आणि परतावा त्या दोन आकड्यांच्या दरम्यान लिहावा.